ओएसटी: डोस ‘बसला’ कधी म्हणायचं, आणि गोळ्या घरी कधी द्यायच्या?

सुरंगी

नमस्कार मंडळी. बार्देशातल्या एका व्यसनमुक्ती क्लिनिकमध्ये मी नुकतीच समुपदेशक म्हणून लागले आहे. एमएसडब्ल्यू झालंय, दारूच्या पेशंटांबरोबर थोडं काम केलंय, पण ओएसटी, म्हणजे गर्दऐवजी रोज ठरलेल्या डोसची गोळी देऊन करायचा उपचार, मला नवीन आहे. आमच्याकडे ब्युप्रेनॉर्फिन देतात. सिस्टर गोळी कुटून जिभेखाली ठेवतात, विरघळेपर्यंत पेशंट समोर बसतो, मग जातो. प्रशिक्षणात मेंदू, रिसेप्टर सगळं शिकवलं. पण टेबलापलीकडे माणूस बसला की वेगळेच प्रश्न पडतात.

एक पेशंट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तिशीच्या आतला, मालीम जेटीवर ट्रॉलरवर खलाशी. बरीच वर्षं गर्द ओढत होता, सुई नाही. गोळी सुरू होऊन तिसरा आठवडा, डोस ६ एमजी. रोज म्हणतो, “मॅडम, वाढवा, पुरत नाही.” आमच्यातले एक जुने सहकारी म्हणतात की हे सगळे असंच मागतात, वाढवलं की सवय लागते, थोडं सोसू दे त्याला. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात आणि मला विचारतात, “तुझं काय मत?” मत कशावरून बनवायचं तेच मला कळत नाही.

दुसरं म्हणजे १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की तो बोटीवर जाणार. एकदा गेला की चार-पाच दिवस समुद्रात. त्याला गोळ्या बरोबर हव्यात. दिल्या तर विकेल का, ही भीती आहे. न दिल्या तर तो काम सोडेल किंवा आम्हाला सोडेल. हे कसं ठरवतात?

---

खाजन

सुरंगीताई, बरं झालं विचारलंत. मी या कामात बरीच वर्षं आहे, आता नवीन मुलांना शिकवायचं कामही माझ्याकडेच येतं. तुमचे दोन्ही प्रश्न जोडलेले आहेत. डोस बसलेला नसेल तर घरी गोळ्या देण्याचा विचारच करायचा नाही. म्हणून आधी डोस.

“पुरत नाही” हे वाक्य ऐकून माणूस खरा की खोटा हे ठरवायला जाऊ नका. त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी घड्याळ विचारा. गोळी किती वाजता घेतली, त्रास किती वाजता सुरू झाला, सगळ्यात आधी काय झालं, गर्द शेवटचा कधी ओढला आणि तो दिवसाच्या कुठल्या वेळी. एवढ्या चार-पाच उत्तरांत बहुतेक चित्र समोर येतं.

डोस कमी पडत असेल तर त्रास पुढच्या गोळीच्या आधीच्या तासांत येतो. सकाळी दहाला गोळी घेणारा माणूस पहाटे तीन-चारला जांभया, नाकातून पाणी, पायात ओढ, पोटात मुरडा घेऊन उठतो आणि गोळी घेतली की तास-दोन तासांत ठीक होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी तेच. असं ठरलेल्या वेळी येणारं दुखणं बनवून सांगणं अवघड असतं. ज्याला निव्वळ काळजी आहे किंवा झोप लागत नाही, त्याला दिवसभर आणि रात्रभर कसंतरी होतं, गोळीशी त्याचं नातं नसतं. त्याला डोस वाढवून फार फरक पडत नाही.

आणि उलटंही बघा. गोळीनंतर एक ते तीन तासांत डोळे मिटतायत, बोलता बोलता मान पडतेय, तर डोस कमी नाही. अशा वेळी आधी विचारायचं की बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का.

हे औषध शरीरात हळू साठतं आणि हळू जातं. एका डोसवर पातळी पूर्ण स्थिर व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस सोडले तर आज वाढवून उद्या पुन्हा वाढवायचं नसतं. पण तिसऱ्या आठवड्यातही माणूस रोज पहाटे तळमळत असेल तर ते ‘सोसायचं’ दुखणं नाही, डोस अपुरा आहे. त्या पहाटेच तो पुडी आणायला जातो. तुमच्या पेशंटचं घड्याळ विचारून इथे लिहाल का? आणि गोळी तोंडात असताना तो काय करतो, तेही एकदा स्वतः उभं राहून बघा.

---

मांडवीकाठ

मी फार्मसीतला माणूस, म्हणून थोडं बोलतो. या गोळीत नालोक्झोन असतं. त्यामुळेच गर्दवर असताना घेतली की पेशंट थरथर कापतो, उलट्या होतात. ज्यांच्या गोळीत नालोक्झोन नाही त्यांना हा धोका नाही. दुसरं, डोस जेवढा जास्त तेवढी नशा जास्त, म्हणून आमचे जुने डॉक्टर चारवर थांबायचे आणि तीन महिन्यांत उतरवून बंद करायचे. सहा म्हणजे आधीच बरंच झालं. आणि एक नक्की सांगतो, या गोळ्या बाहेर विकल्या जातात, ते मी पाहिलंय.

---

संध्याकाळची ओपीडी

मांडवीकाठ, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, त्यावर नंतर येतो. पहिली दोन मात्र नव्या समुपदेशकांच्या डोक्यात तशीच राहिली तर पेशंटचं नुकसान होईल.

गर्द अंगात असताना गोळी दिली की जो जोरदार त्रास उठतो, तो ब्युप्रेनॉर्फिनमुळेच. हे औषध रिसेप्टरला गर्दपेक्षा घट्ट चिकटतं, त्याला ढकलून जागा घेतं, पण स्वतः अर्धंच काम करतं. त्यामुळे माणूस अर्ध्या-एक तासात एकदम खाली येतो. नालोक्झोन असो वा नसो, हे होतंच. जिभेखालून नालोक्झोन फारसं रक्तात जात नाही. कोणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर ते काम करतं, आणि त्यासाठीच ते घातलेलं असतं. म्हणजे साधी गोळी आहे म्हणून पहिल्या दिवशी घाई केली तर पेशंट तडफडेल आणि पुन्हा येणार नाही. गर्द ओढून किमान बारा तास झालेले असावेत आणि टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्याचा त्रास, स्पष्ट दिसायला हवी: मोठ्या बाहुल्या, काटा, घाम, जांभया. आम्ही त्या त्रासाला गुण देणारा काऊज स्कोर करतो, तो साधारण बारापर्यंत पोचल्याशिवाय पहिली २ एमजी देत नाही.

नशेचं म्हणाल तर, रोज गर्द ओढणाऱ्या माणसाला या गोळीने नशा होत नाही, तो फक्त सरळ होतो. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी तिचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. श्वास दबण्याच्या बाबतीतही तसंच, पण दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या सोबत नसतील तरच. ही अट नव्या लोकांनी विसरू नये.

बहुतेकांचा डोस ८ ते १६ मध्ये बसतो, काहींना २४ लागतात. चार-सहावर आरामात राहणारेही आहेत, त्यांना उगाच वाढवायचं नाही. आणि तीन महिन्यांत बंद? घाईने बंद केलेले बहुतेक लोक परत वापरायला लागतात. तोवर त्यांची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्याच मापाने ओढलं किंवा टोचलं की श्वास थांबतो. कधी थांबायचं हे पेशंट स्थिर झाल्यावर, त्याच्याबरोबर बसून ठरवायचं.

---

डिचोलीकर

चांगली माहिती. आमच्या भावजींचं पिणं फार वाढलंय. ते डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. ही गोळी घरी मिळत असेल तर बहिणीला सांगून चहात घालून देता येईल का? किती एमजी लागेल?

---

खाजन

डिचोलीकर, नाही. ही गोळी दारूसाठी नाही. गर्द, हेरॉइन, अफू, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांच्या व्यसनासाठी आहे. ज्याला तिची सवय नाही आणि वर दारू प्यायलेला आहे, त्याला ती दिली तर श्वासच धोक्यात येऊ शकतो. दारूवरचीही कुठलीच गोळी चोरून देऊ नका. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ती तर अजिबात नाही. बहिणीला एकटीला बांबोळीला आयपीएचबी या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत नेऊन आणा. पेशंट आला नाही तरी घरच्यांनी काय करायचं ते तिथे सांगतील.

---

सुरंगी

विचारून आले. दोन-तीन दिवस लागले, कारण पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याला वाटलं मी उलटतपासणी घेतेय. मग म्हटलं, “रात्र कशी जाते ते सांग.” तेव्हा बोलला.

गोळी सकाळी साडेदहाला. संध्याकाळपर्यंत छान असतो, जेवतो. रात्री अकराला झोपतो. पहाटे साडेतीन-चारला जाग येते, पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, नाक गळतं, आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात फक्त पुडी. गेल्या आठवड्यात तीनदा ओढला, तिन्ही वेळा सकाळी सहा-सातला, क्लिनिक उघडायच्या आधी. दुपारी किंवा रात्री कधीच नाही.

आणि खाजनदादांनी सांगितलं म्हणून गोळीच्या वेळी उभी राहिले. त्याच्या तोंडात गुटखा असतो! चूळ न भरताच गोळी घेतो, तोंड कोरडं, आणि दोन मिनिटांत सगळं गिळून “झालं सिस्टर” म्हणतो. रांग मोठी असते, सिस्टरही पुढच्याला हाक मारतात.

---

खाजन

आता तुमच्याकडे डॉक्टरांना सांगायला मत आहे.

गिळलेलं औषध जवळजवळ वाया जातं, कारण यकृत ते आधीच निकामी करतं. म्हणजे कागदावर सहा असले तरी अंगात किती लागतायत ते आपल्याला माहीत नाही. आधी ते दुरुस्त करा. गुटखा थुंकून चूळ, दोन घोट पाणी, मग गोळी, आणि पाच ते दहा मिनिटं न बोलता, न गिळता. पूर्ण विरघळली की पुन्हा पाण्याने खळखळून चूळ, दातांसाठी. रांगेचा प्रश्न असेल तर खुर्च्या वाढवा, एकाच वेळी चार-पाच जणांना बसवा. तीन-चार दिवस असं करून पुन्हा तेच घड्याळ विचारा. पहाटेचा त्रास गेला तर डोस तोच ठेवायचा. त्रास तीनऐवजी सहाला यायला लागला तर आपण जवळ आलोय, पण अजून कमी आहे.

डॉक्टरांच्या फाईलमध्ये “डोस वाढवण्याची मागणी” असं लिहू नका. “गोळी १०.३०, त्रास पहाटे ३.३० पासून, नाक, पाय, वापर आठवड्यात ३, फक्त सकाळी, दारू —, गोळीनंतर गुंगी नाही” असं लिहा. दारूच्या पुढची जागा तुम्ही रिकामी ठेवली आहे, ती भरा. बोटीच्या प्रश्नात सगळ्यात जास्त वजन तिचंच असणार आहे.

---

संध्याकाळची ओपीडी

एक जोड. पुढे कधी तुमचा स्थिर पेशंट, महिनोन् महिने ठीक असलेला, अचानक “पुरत नाही” म्हणायला लागला तर लगेच पुन्हा वापर सुरू झाला असं समजू नका. नवीन काही औषध सुरू झालंय का विचारा. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन हे औषध यकृताकडून ब्युप्रेनॉर्फिन भराभर संपवून घेतं, आणि माणूस त्याच डोसवर टर्कीत जातो. आपल्याकडे टीबी आणि गर्द एकाच माणसात भेटणं काही दुर्मीळ नाही. टीबी केंद्राला आपल्या गोळीचं माहीत नसतं, आपल्याला त्यांच्या गोळीचं. दुवा बहुतेक वेळा समुपदेशकच असतो.

---

अटलांटिकपार

मी मूळ फोंड्याची, सध्या अमेरिकेत मेथडोन क्लिनिकमध्ये नर्स. इकडे पूर्वी लोक वर्षानुवर्षं रोज पहाटे रांगेत उभे राहायचे. २०२० च्या साथीत नियम सैल केले आणि २०२४ मध्ये ते कायमचे झाले. आता पहिल्या दोन आठवड्यांतही ७ दिवसांपर्यंतचे डोस घरी देता येतात, पंधराव्या दिवसापासून १४, एकतिसाव्यापासून २८. द्यायलाच हवेत असं नाही, डॉक्टरांना योग्य वाटलं तर. आणि हे मेथडोनचं, ज्यात वरची मर्यादा नाही आणि दुसऱ्याने प्यायलं तर जीव जाऊ शकतो. मग ब्युप्रेनॉर्फिनसाठी तिकडे एवढी का-कू का?

---

खाजन

अटलांटिकपार, तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आमच्याकडे सरकारी ओएसटीचा पाया रोज समोर गोळी देण्याचा आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कदंब बसगाड्या बंद, लोक पोचणार कसे, म्हणून काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायची मुभा मिळाली, आणि आभाळ कोसळलं नाही, हे खरं आहे. पण आज तुमच्या केंद्रात किती दिवसांच्या देता येतात, कोणाच्या सहीने, साधी गोळी की नालोक्झोनवाली, हे तुमच्या कार्यक्रमाच्या लेखी नियमात असतं. सुरंगीताई, तो कागद मागून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात वाचा. पेशंटला तोंडी आश्वासन देऊ नका, कारण समुपदेशकाने “बघू, मिळतील” म्हटलं की त्याच्यासाठी ते ठरलेलं असतं.

---

अबोली

मी समुपदेशक नाही. माझा भाऊ या गोळीवर आहे आणि आता नोकरीला जातो. त्याला आठवड्याच्या गोळ्या मिळतात. मला एकच सांगायचंय. पहिल्यांदा मिळाल्या तेव्हा त्याने पाकीट देवघराच्या फडताळात ठेवलं, कारण तिथे कोणी हात लावत नाही असं त्याला वाटलं. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची, स्टुलावर चढायला शिकलेली. एके दिवशी तिच्या हातात ती पट्टी होती. फोडलेली नव्हती. क्लिनिकमध्ये कोणीच विचारलं नव्हतं की घरात लहान मूल आहे का. आता कुलपाची लोखंडी पेटी आहे, किल्ली त्याच्या गळ्यात. कृपा करून हा प्रश्न विचारत जा.

---

संध्याकाळची ओपीडी

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं. त्या वयाच्या मुलासाठी एक गोळीसुद्धा धोक्याची असते. मुलाने तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून इस्पितळात न्यायचं. मूल खेळतंय म्हणून घरी ठेवू नये, परिणाम तासांनी दिसू शकतो. घरी गोळ्या देण्याआधी पेटी आणि कुलूप आणून दाखवायला सांगणं हा आमच्याकडे आता नेम आहे.

---

खाजन

आता घरी द्यायच्या गोळ्यांबद्दल. नवीन समुपदेशक याकडे बक्षीस म्हणून बघतात: नीट वागला तर देऊ, चुकला तर काढून घेऊ. तसं झालं की पेशंट चूक लपवायला शिकतो. आठवड्यात एकदा गर्द ओढला हे तो पूर्वी सांगायचा, आता सांगणार नाही. मी नव्या मुलांना सांगतो, प्रश्न एवढाच ठेवा: या माणसाच्या हातात इतक्या दिवसांच्या गोळ्या दिल्या तर त्याला, घरातल्यांना आणि गल्लीतल्यांना धोका किती, आणि न दिल्या तर किती.

मी बघतो ते असं. डोस काही आठवडे तोच आहे का आणि चोवीस तास पुरतो का. ज्याला पुरत नाही तो पाच दिवसांच्या गोळ्या तीन दिवसांत घेईल, मग दोन दिवस गर्द. त्यात लबाडी नसते, हिशेबच तसा जमतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या किती. तो रोज ठरलेल्या वेळी येतो का. गोळ्या ठेवायला कुलूपबंद जागा आहे का. आणि बाहेर जायचं कारण खरं आहे का. लघवीत गर्द एकदा सापडला म्हणून मी नाही म्हणत नाही. आठवड्यात तीनदा सापडतोय तर डोसकडे परत जातो.

देताना एकदम पाचवर उडी नको. आधी एका सुट्टीच्या दिवसाची, मग दोन-तीन दिवसांच्या. रिकाम्या पट्ट्या परत आणायला सांगतो. मधेच कधी फोन करून “उरलेल्या घेऊन ये” म्हणतो आणि मोजतो. हे होणार आहे ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, नाहीतर त्याला सापळा वाटतो.

लघवी तपासायच्या पट्टीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नेहमीची मॉर्फिनची पट्टी ब्युप्रेनॉर्फिन दाखवत नाही. तिच्यात काही आलं नाही म्हणजे गोळी घेतलीच नाही असा अर्थ काढून माणसाला चोर ठरवलेलं मी पाहिलंय. गोळी घेतली का हे बघायला ब्युप्रेनॉर्फिनची वेगळी पट्टी लागते. उलट घरी गोळ्या नेणाऱ्याच्या त्या पट्टीत काहीच नसेल, तर गोळ्या कुठे जातायत हे शांतपणे विचारायची वेळ आली.

---

मांडवीकाठ

नालोक्झोनचं माझं चुकलं, ठीक. पण विकण्याचं काय? बाजारात या गोळीला किंमत आहे म्हणूनच विकली जाते ना. मी अजूनही म्हणतो, बोटीवरच्या माणसाला पाच दिवसांच्या देऊ नका. आणि पोलिसांनी झडती घेतली तर? हे औषध एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे.

---

संध्याकाळची ओपीडी

विकली जाते, खरं आहे. घेणारे बरेचदा कोण असतात? ज्यांना टर्की आहे आणि क्लिनिकपर्यंत पोचता येत नाही असे. त्यामुळे विक्री माफ होत नाही, पण दोन-तीन दिवसांच्या देऊन मोजदाद ठेवणं आणि सरसकट नाही म्हणणं यात फरक आहे. झडतीसाठी पेशंटजवळ तारीख, डोस, गोळ्यांची संख्या आणि सही असलेली चिठ्ठी हवी, गोळ्या मूळ पट्टीतच हव्यात. सुट्या गोळ्या कागदात बांधून दिल्या तर आपणच त्याला अडचणीत घालतो.

सुरंगीताई, बोटीसाठी आणखी एक वाट आहे. ब्युप्रेनॉर्फिन रेंगाळतं, म्हणून स्थिर पेशंटला दोन दिवसांचा डोस एकदम, समोर बसवून देता येतो. १२ वर असेल तर २४ दिले की अठ्ठेचाळीस तास बहुतेकांना निघतात. ८ वर असेल तर तिप्पट देऊन तीन दिवसही. १२ ची तिप्पट मात्र नको. असं केलं की बोटीवर न्यायच्या गोळ्या एक-दोन दिवसांनी कमी होतात. मेथडोनला हे कधीही लावायचं नाही, तिथे दुप्पट डोस जीव घेऊ शकतो. आणि आधी किनाऱ्यावर एकदा करून बघायचं, समुद्रात पहिला प्रयोग नाही.

---

दर्यावर्दी

आमच्या घरचे दोन ट्रॉलर आहेत, म्हणून बोटीची बाजू सांगतो. पाच दिवस म्हणून गेलेली बोट मासळी लागली तर सातव्या दिवशी येते, वारा उठला तर तिसऱ्या दिवशीच. तेव्हा गोळ्या मोजून दिल्या तर कमी पडणार. खलाशांना स्वतःची जागा म्हणजे एक पिशवी, ती कोणीही उघडतो. कागदी पाकीट पहिल्या रात्रीच भिजतं. झाकणाचा हवाबंद डबा द्या. आणि पिणं आहे, खोटं कशाला बोलू. सगळ्याच बोटींवर नाही, पण आहे. गुंगीत माणूस जाळ्याच्या दोरात अडकला तर पाय जातो.

तांडेलाला सांगून गोळ्या त्याच्याकडे ठेवल्या तर? माझा तांडेल विश्वासाचा आहे.

---

संध्याकाळची ओपीडी

पेशंटने स्वतः म्हटलं तरच. त्याच्या परवानगीशिवाय मालकाला किंवा तांडेलाला आपण काहीही सांगायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. तुमचा तांडेल चांगला असेल, दुसरा त्याच दिवशी कामावरून काढेल.

---

सुरंगी

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

गुटखा आणि गिळणं बंद केल्यावर त्रास पहाटे तीनऐवजी साडेपाचला यायला लागला. डॉक्टरांनी ८ केले, आठवडाभर बघितलं. मग तो म्हणाला, जाग येते पण पाय दुखत नाहीत, डोक्यात पुडी मात्र आहे. त्या आठवड्यात एकदा ओढला. १२ केले. त्यानंतर सकाळी सहाला उठून चहा पितो आणि क्लिनिक उघडायची वाट बघत बाहेर बसतो. बद्धकोष्ठ झालाय, त्याचं औषध दिलंय. गोळीनंतर गुंगी नाही. जुन्या सहकाऱ्यांना मी ती वेळांची ओळ दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण परवा दुसऱ्या एका पेशंटला तेच विचारत होते.

दारूची जागा भरली. रोज नाही, पण जेटीवर पगार झाला की क्वार्टर. उर्राकच्या दिवसांत जास्त. झोपेच्या गोळ्या नाहीत.

आमच्या केंद्राचा कागद वाचला. इतक्या लवकर पाच दिवसांच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. डॉक्टरांनी असं ठरवलंय: बंदी उठल्यावर पहिले काही आठवडे तो दिवसाच्या बोटीवर जाईल. मालकाशी तो स्वतःच बोलला, कारण न सांगता. गोळी परतल्यावर दुपारी घेणार. तोवर रविवारची एक गोळी घरी, पट्टी परत. दुप्पट डोस एकदा किनाऱ्यावर करून बघणार. हे सगळं जमलं तर लांबच्या फेरीला निघताना समोर २४ आणि पुढच्या दोन दिवसांच्या नालोक्झोनवाल्या गोळ्या डब्यात. बोट लांबली आणि गोळ्या संपल्या तर त्रास होईल पण जीव जाणार नाही. आणि परत आल्यावर गर्द ओढलाच तर गोळी मागण्याआधी आम्हाला सांग, लगेच घेतली तर तडफडशील, हे त्याच्याकडून परत म्हणवून घेतलंय.

दारूचं मात्र अडलंय. डॉक्टर म्हणतात बोटीवर पिणार असेल तर गोळ्या बरोबर नाहीत. तो म्हणतो पिणार नाही. मला ते तपासता येत नाही.

---

खाजन

तपासता येणार नाही, पण त्याच्याशी आधीच ठरवता येईल की प्यायला तर त्या दिवशीची गोळी थांबवायची, आणि उरलेली परत आणली तर त्यासाठी त्याला कोणी बोलणार नाही. आम्ही असं करतो. आमच्याकडे उरलेल्या गोळ्या परत आल्या आहेत.

---

मांडवीकाठ

माझ्या मते दारू सुटेपर्यंत थांबा आणि तिच्यावर वेगळं काम करा. गोळ्या नंतर.

---

अटलांटिकपार

आणि तोपर्यंत त्याने लांबची फेरी, म्हणजे जास्तीचे पैसे, सोडायचे?

---

सुरंगी

तोच प्रश्न त्याने मला विचारला. गुरुवारी डॉक्टर येतात तेव्हा तिघे एकत्र बसणार आहोत. खाजनदादा, पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्यांची नोंद तुम्ही कोणत्या रकान्यांत ठेवता, तेवढं पाठवाल का?